‘काय विचारू तेच कळत नाही’ : सातबाऱ्याच्या मदत क्रमांकावरच्या नोंदी

6 एप्रिल 2025

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात आम्ही काही जणांनी एक व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू केलाय. रोज संध्याकाळी सात ते नऊ. विषय एकच, शेतजमिनीचे कागद. 1 एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आहे. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे राहिलेली मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, असा तिचा हेतू. त्यामुळे गावात आणि गावाबाहेर, विशेषतः मुंबईला गेलेल्या घरांत, एकदम चलबिचल झाली आहे. उत्तरं द्यायला आमच्यात एक निवृत्त मंडळ अधिकारी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. दोन कायद्याचे विद्यार्थी आहेत आणि मी.

ज्यांना काय हवंय ते माहीत आहे, त्यांचं काम सोपं आहे. ‘वडील वारले, वारस नोंदीला काय कागद लागतात?’ असं विचारलं की मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते, अर्ज, हे सांगून मोकळं होता येतं. अडचण दुसऱ्यांची आहे. नुसतं ‘हॅलो’. ‘जमिनीचं होतं जरा’. आणि सर्वांत जास्त वेळा: ‘काय विचारू तेच कळत नाही’.

अशांना आपोआप जाणारं उत्तर ठेवलं होतं: ‘कृपया आपला प्रश्न सविस्तर लिहा.’ त्यावर निळ्या खुणा येतात आणि माणूस गप्प होतो. सविस्तर लिहायचं तर गट नंबर, फेरफार, खाते क्रमांक हे शब्द आधी माहीत हवेत. ते माहीत असते तर त्याने प्रश्नच लिहिला नसता का? आजपासून ते उत्तर बंद.

13 एप्रिल

त्या जागी आकड्यांची यादी टाकली होती. वारस नोंदीसाठी 1, फेरफारासाठी 2, वाटपासाठी 3, सातबाऱ्यातल्या चुकीसाठी 4, इतर असेल तर 5. बँकेची माणसं फोनवर असंच करतात, म्हणून आम्हीही केलं. बहुतेकांनी 5 दाबला. उरलेल्यांत पुष्कळांनी 1, कारण तो पहिला होता.

यादीने सर्वांत जास्त घोळ कुठे घातला ते लिहून ठेवतो. एका दादांनी 3 दाबला, वाटप. तीन भाऊ आहेत, जमीन वेगळी करायची आहे. आमच्यातल्या एकाने लगेच वाटपाची पद्धत सांगायला घेतली. तहसीलदारांकडे कलम 85 खाली अर्ज कसा करतात, सगळ्यांची संमती कशी लागते, मोजणी कधी होते. अर्धा तास गेला. शेवटी काकांनी मध्येच विचारलं, ‘सातबाऱ्यावर आत्ता नाव कोणाचं आहे?’ उत्तर आलं, ‘आजोबांचं.’ आजोबा वारून बरीच वर्षं झालेली. म्हणजे या तिघा भावांची नावंच कागदावर नाहीत. आधी आजोबांचे वारस लागणार, मग वडिलांचे, आणि मग वाटपाची गोष्ट. दादा वाटपाबद्दल खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखर वाटपच हवं होतं. पण त्यांचा पहिला प्रश्न वाटपाचा नव्हता.

यादी माणसाला स्वतःच्या दुखण्याचं नाव सांगायला लावते. तेवढं कळत असतं तर आमच्याकडे येण्याची गरजच पडली नसती. यादी काढून टाकली.

19 एप्रिल

काका म्हणाले, ‘मी चावडीत बसायचो तेव्हा “काय काम आहे?” असं कधी विचारलं नाही. विचारलं की माणूस आजोबांपासून सुरू करतो. मी विचारायचो, कागद काय आणलाय?’

तेच करून पाहिलं. कोणी ‘कळत नाही’ म्हटलं की उत्तर: ‘हरकत नाही. जमिनीचा कुठलाही कागद घरात असेल तर फोटो पाठवा.’ ज्यांच्याकडे कागद आहे त्यांच्या बाबतीत फरक लगेच दिसला. सातबारा समोर आला की आम्ही ठरलेल्या जागी बघतो. भोगवटादारांत कोणाची नावं आहेत, कोणतं नाव कंसात गेलंय, इतर हक्कात बोजा आहे का, आणि तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ समोर ‘नाही’ आहे की एखादा नंबर आहे. तिथे नंबर असेल तर आत्ता, या घडीला काहीतरी चालू आहे असा त्याचा अर्थ. ते आधी सांगायचं, बाकी सगळं नंतर.

घरात सातबारा नसेल तर bhulekh.mahabhumi.gov.in वर तो नुसता बघायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. पण त्यासाठीही गाव आणि गट नंबर किंवा निदान नाव लागतं, आणि मुंबईत वाढलेल्या मुलांना ‘आमची जमीन ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे’ यापलीकडे माहीत नसतं. अशा वेळी आम्ही नावावरून शोधून देतो. वेळ जातो, पण पर्याय नाही.

फोटो मागण्याचा एक त्रासही झाला. लोक सातबाऱ्याबरोबर आधार कार्ड, बँक पासबुक, सगळंच पाठवतात. आता त्याच संदेशात लिहितो की आधार पाठवू नका, आणि आलेलं लगेच पुसून टाकतो.

23 एप्रिल

कागद मागण्याची दुसरी बाजू आज कळली. एका मुलाने सातबारा पाठवला. त्यावर त्याच्या चुलत्यांच्या नावाआधी ‘ए.कु.क.’ होतं, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. जुन्या सातबाऱ्यांवर असं पुष्कळ दिसतं. थोरल्याचं नाव लागायचं, धाकट्या भावांची आणि बहिणींची नावं कागदावर यायचीच नाहीत. आमच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला हे सापडलं आणि तो खूश झाला. भलामोठा मजकूर लिहून त्याने हक्क कसा, नावं कशी लावून घ्यायची, सगळं समजावलं. मुलाचं उत्तर: ‘बरं. धन्यवाद.’

मला ते ‘बरं’ आवडलं नाही. मी विचारलं, ‘हा सातबारा तुम्ही कशासाठी काढला होता?’ तेव्हा कळलं की सोसायटीत पीककर्जाला गेले होते, सचिवांनी ‘तुमच्या वडिलांचं नाव नाही’ म्हणून परत पाठवलं. त्याला जूनच्या आत पैसे हवेत. नावं लावण्याचं काम तोपर्यंत होईल न होईल. त्याचा पहिला प्रश्न होता, चुलत्यांच्या संमतीवर या हंगामात कर्ज मिळतं का? तो प्रश्न सोसायटीत विचारायचा होता, आम्हाला नाही. ‘ए.कु.क.’ ही आम्हाला दिसलेली अडचण होती, त्याची नव्हती. दोन्हींचं मूळ एक असलं तरी क्रम वेगळा.

म्हणून कागद आला की त्याच्याबद्दल काही बोलण्याआधी ‘हा कशासाठी काढलात?’ हे विचारायचं, असं ठरलं.

27 एप्रिल

ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांचं काय? यात बहुतेक बायका आहेत. लग्न होऊन गेलेल्या बहिणी, विधवा सुना. कागद भावाकडे किंवा दिराकडे. फोटो पाठवा म्हटलं की त्या ‘बघते’ म्हणतात आणि पुन्हा येत नाहीत.

मला इतकं जाणवत होतं की जमिनीचा घोळ वर्षानुवर्षे असतो, आणि तरी माणूस एखाद्या ठरावीक संध्याकाळी फोन हातात घेतो. त्या दिवशी काहीतरी झालेलं असतं. ते कळलं की प्रश्न त्याच्या आसपासच असणार. म्हणून विचारून पाहिलं, ‘आजच मेसेज का केलात?’ हे वाईट पडलं. एका मावशींनी लगेच लिहिलं, ‘चुकलं असेल तर माफ करा.’ चौकीत विचारतात तसं वाटलं असणार त्यांना.

शब्द बदलून बदलून आता हे वापरतोय: ‘एवढ्यात गावाहून कोणाचा फोन आला होता का? कोणी काही बोललं का?’ आणि याला लोक बोलतात. ‘दीर म्हणाले नोटीस आली आहे.’ ‘चुलतभाऊ म्हणाला मोजणीवाले येणार.’ ‘शेजारीण म्हणाली तुझं नाव यादीत नाही.’ कोण बोललं आणि काय बोललं, एवढं मिळालं की पुढचा धागा हाताला लागतो. बोललेले शब्द आहेत तसेच ठेवायचे. मावशी ‘तलाठ्याचं पत्र’ म्हणाल्या तर आपणही पत्रच म्हणायचं, ते फेरफाराची नोटीस आहे हे ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवायचं नाही.

टाइप करायला कंटाळणाऱ्यांना आवाजाचा निरोप चालतो असं लिहिलं, त्याचा उपयोग झाला. ऐकायला वेळ लागतो, पण आवाजात माणूस कुठे थांबतो ते ऐकू येतं.

11 मे

आजचं एक प्रकरण पूर्ण लिहितो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि ताईंना विचारून लिहितोय.

ताई नालासोपाऱ्याला राहतात. वडील तीन वर्षांपूर्वी वारले. गावी आई आणि दोन भाऊ. संदेश आला: ‘काय विचारू तेच कळत नाही. गावच्या जमिनीचं आहे.’

‘हरकत नाही ताई. प्रश्नाचं नंतर बघू. एवढ्यात गावाहून कोणाचा फोन आला होता का?’

‘हो. दादाचा. म्हणाला रविवारी ये, सही करायची आहे. तलाठ्याकडे काम अडलंय.’

‘कशावर सही, ते काही बोलले का?’

‘नाही. आमच्यात असं विचारत नाहीत.’

इथे आमच्यातल्या विद्यार्थिनीचे हात शिवशिवत होते. ‘सही करू नका’ असं लिहून पाठवायला ती निघाली होती. काकांनी थांबवलं, आणि ते बरोबर होतं. वारस नोंदीच्या कामात बहिणीची सही दोन अगदी वेगळ्या कागदांवर लागू शकते. एक म्हणजे फेरफाराची नोटीस, जिला तलाठी कार्यालयात नमुना 9 ची नोटीस म्हणतात. तिच्यावरची सही म्हणजे नोटीस पोहोचल्याची पोच, तिने कोणाचा हक्क जात नाही. उलट ती न मिळाल्यामुळेच काम अडलेलं असतं. दुसरा कागद म्हणजे ‘मला हिस्सा नको’ असं लिहिलेला. भावाच्या फोनवरून यातला कोणता ते ओळखायला मार्ग नव्हता. आम्ही अंदाजाने ‘नको’ म्हणायचं, आणि ताईंनी तो अंदाज घेऊन भावाशी भांडायचं, हे काही बरं नव्हे.

तर पहिला प्रश्न सापडला होता: ‘सही कशावर आहे?’ पण तो ज्याला विचारायचा त्यालाच विचारता येत नव्हता. आम्ही एवढंच लिहिलं, ‘ताई, तुमच्या घरात कशा पद्धतीने विचारलं तर चालेल?’ बऱ्याच वेळाने त्यांचं उत्तर आलं. त्यांनी भावाला आधीच निरोप टाकला होता: ‘दादा, कागदाचा फोटो पाठव, म्हणजे आधार लागेल की पॅन ते बघून सोबत घेऊन येते.’

हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नसतं.

12 मे

फोटो आले, दोन कागदांचे. पहिला नोटीस होता. फेरफार क्रमांक, 8 मे ही तारीख, आणि वारस म्हणून चौघांची नावं: आई, दोन भाऊ आणि ताई स्वतः. दुसरा साध्या कागदावर टाइप केलेला तलाठ्यांच्या नावाचा अर्ज, ‘मी स्वखुशीने माझा हक्क सोडत असून माझे नाव कमी करावे’ अशा अर्थाचा. खाली ताईंचं नाव, सहीची जागा मोकळी.

नोटीस मिळाल्यापासून हरकतीला 15 दिवस असतात, हे ताईंना सांगितलं. पण हरकत घ्यायची ती नाव सुटलं असेल तर, किंवा चुकीचं लागलं असेल तर. त्यांचं नाव त्यात होतंच. म्हणजे पहिल्या कागदावर बिनधास्त सही करून, खाली तारीख घालून, त्याचा एक फोटो स्वतःजवळ ठेवायचा.

दुसऱ्या कागदाबद्दल त्यांनी लिहिलं, ‘मग हा कशाला?’ काल जिला काय विचारावं कळत नव्हतं, तिने हा आपणहून विचारला. आम्ही सांगितलं ते असं: जमिनीतला हक्क कायद्याने सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं, दुय्यम निबंधकांकडे जाऊन केलेलं. साध्या कागदावरच्या अर्जाने हक्क जात नाही. पण अशा अर्जाच्या आधारावर फेरफारातून नाव गाळलं गेल्याची उदाहरणं काकांनी नोकरीत पाहिलेली आहेत. मग बहिणीला प्रांतांकडे अपील करत बसावं लागतं, त्याला 60 दिवसांची मुदत, आणि नोंद झाल्याचं तिला पुष्कळदा वर्षांनी कळतं.

त्यांचा पुढचा प्रश्न: ‘दुसऱ्यावर सही नाही केली तर दादाचं काम अडेल का?’ माझ्या मते या सगळ्यात हाच खरा होता. त्यांना हिश्शापेक्षा भावाचं काम अडू नये याची काळजी होती. उत्तर: नाही अडत. वारसांचा फेरफार चौघांच्या नावाने मंजूर होऊ शकतो, हक्क सोडायचा असेल तर तो नंतर कधीही सोडता येतो. हे तलाठ्यांनाच विचारून खात्री करा, असंही सांगितलं, कारण भावासमोर तलाठ्यांच्या तोंडून आलेलं उत्तर आणि आमचं फोनवरचं उत्तर यांत फरक पडतो.

जमीन वडिलांनी घेतलेली की वडिलोपार्जित, यावर कोणाचा किती हिस्सा ते बदलतं. ते आम्ही मांडलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं. हिस्सा घ्यावा की सोडावा यावरही कोणी एक शब्द बोललं नाही. विद्यार्थिनीला हे अजून पटलेलं नाही, तिचं म्हणणं की हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे हे प्रत्येकीला सांगितलंच पाहिजे. मधला मार्ग म्हणून आता शेवटी एक ओळ टाकतो: महिलांना उत्पन्नाची अट न लागता तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मिळतो, समिती तालुक्याच्या कोर्टात असते. जिला हवं ती विचारेल.

18 मे

ताईंचा निरोप: पहिल्या कागदावर सही केली, दुसऱ्याचं ‘दिवाळीला बसून बोलू’ असं ठरलं. तलाठी म्हणाले काही हरकत नाही.

या प्रकरणामुळे पहिला प्रश्न कसा असावा याचं आमच्यापुरतं माप ठरलं. तो असा हवा की उत्तर देणारा माणूस ठाऊक आहे, तिथे उद्या-परवा पोहोचता येतं, आणि उत्तर एका फोटोत, एका तारखेत किंवा हो-नाहीत येतं. ‘माझा हक्क किती?’ हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी या मापात बसत नाही. त्याचं उत्तर द्यायला जे कागद लागतात तेच तर हातात नसतात. ‘नोटिशीवर तारीख काय आहे?’ हा बसतो. प्रश्न तयार झाला की तो आम्ही लिहून देत नाही, त्यांच्याकडून लिहून घेतो. आम्ही लिहिलेला प्रश्न लोक तलाठ्यासमोर वाचून दाखवतात, आणि त्यांनी उलट काही विचारलं की अडकतात.

1 जून

न जमलेली प्रकरणंही आहेत. एका आजींना प्रश्न नव्हताच. पोरांनी विचारपूस करायची सोडली होती, जमीन हे निमित्त होतं. तासभर ‘एवढ्यात कोणाचा फोन आला होता का?’ विचारत राहण्यात अर्थ नव्हता, कारण फोन कोणाचाच येत नव्हता, हेच तर दुखणं होतं. तिथे आम्ही प्रश्न शोधायचं सोडलं.

दुसरं प्रकरण जास्त गंभीर. एका बाईंशी नीट चाललं होतं, मध्येच लिहिण्याची ढब बदलली. आधी ‘मला’, मग एकदम ‘आम्हाला कोणाचा सल्ला नको’. फोन दुसऱ्याच्या हातात गेला होता. आधीचं सगळं बोलणं त्याने वाचलं असणार. आता कागद किंवा घरातल्या कोणाचं नाव येण्याआधी विचारतो, ‘हा फोन तुमच्याकडेच असतो ना? की मी फोन करू तेव्हा बोलाल?’ फोन सामायिक असेल तर लेखी काही नाही, त्यांना सोयीच्या वेळी बोलायचं.

8 जून

सध्या जाणारा पहिला संदेश हा आहे. कोणी असंच काही चालवत असेल तर उचला:

‘नमस्कार. काय विचारायचं ते ठरलं नसेल तरी चालेल. एवढ्यात जमिनीबद्दल कोणी काही बोललं का, किंवा काही कागद आला का? आठवेल तसं लिहा, बोलून पाठवलं तरी चालेल. हा फोन घरात आणखी कोणी बघत असेल तर फक्त “फोन करा” लिहा. आधार कार्ड पाठवू नका.’

‘फोन करा’ची ओळ आधी शेवटी होती. शेवटपर्यंत वाचण्याआधीच लोक लिहायला लागतात, म्हणून ती वर घेतली. आधारची ओळ शेवटीच राहिली आहे, आणि आधार कार्डं अजूनही येताहेत.